स्वतःला दिलेले गुण

रुपाली देवकाते कंपनीत लागली तेव्हा टाइम ऑफिसात हजेरीचं रजिस्टर सांभाळायची. भूम तालुक्यातून लग्न होऊन थेरगावात आलेली, बी.कॉम. झालेली, आणि बोलताना मराठवाड्याचा हेल लपवता लपवता थकून जाणारी. पुढे संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन तिनं डिप्लोमा केला, एकेक पायरी चढली, आणि सोळा वर्षांनी चाकणच्या त्याच कारखान्यात एचआरची डेप्युटी मॅनेजर झाली. कारखाना मोटारींचे पत्र्याचे भाग करतो. मोठमोठ्या प्रेस, त्यात बसवायचे साचे म्हणजे डाय, आणि दिवसभर जमिनीतून पायांपर्यंत येणारा धडधडाट. फेब्रुवारीत एचआर हेड नोकरी सोडून गेले. त्यांचं सगळं काम रुपालीच्या टेबलावर आलं. त्यांची खुर्ची मात्र रिकामीच राहिली.

जूनमध्ये गुडगावच्या मुख्य ऑफिसातून फर्मान आलं की सगळ्या विभागप्रमुखांचं थ्री सिक्स्टी फीडबॅक करायचं. माणूस स्वतःला गुण देणार, आणि त्याचे वरिष्ठ, बरोबरीचे विभागप्रमुख आणि हाताखालचे लोकही त्याला गुण देणार. विधानं अठ्ठावीस, गुण एक ते पाच. वरिष्ठ एकच असतो, त्यामुळे त्याचे गुण कळणारच. बाकीच्यांची नावं मात्र कुणाला कळणार नाहीत. एखाद्या गटात तिघांपेक्षा कमी जणांनी फॉर्म भरला, तर त्या गटाचे गुण वेगळे दाखवायचेच नाहीत, इतका कडक नियम.

पुण्याच्या एका एजन्सीला काम दिलं होतं. रिपोर्ट कसा वाचायचा आणि समोरच्याला कसा समजावून सांगायचा, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण त्यांनी रुपालीला दिलं. तिला ते मनापासून आवडलं. शिकवणाऱ्या बाईंचं एक वाक्य तिनं वहीत उतरवून घेतलं होतं: तफावत म्हणजे निकाल नव्हे, तफावत म्हणजे प्रश्न.

लोक फॉर्म भरायला तयार नव्हते. प्रेस शॉपचे, स्टोअरचे, टूल रूमचे, सगळे एकच विचारायचे, "मॅडम, याचा प्रमोशनशी संबंध नाही ना?" म्हणून रुपालीनं पत्र तयार केलं. हा उपक्रम फक्त स्वतःच्या सुधारणेसाठी आहे, ज्याचा रिपोर्ट त्यालाच मिळेल, व्यवस्थापनाला फक्त सगळ्यांचा मिळून सारांश जाईल. प्लँट हेड निमकर साहेबांनी त्यावर सही केली. ते पत्र घेऊन ती खात्याखात्यांतून फिरली, एकेकाला शब्द दिला, आणि चौदाच्या चौदा जणांचे फॉर्म पूर्ण करून घेतले.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट आले. पहिलाच माणूस समोर बसला तो भिमाजी मुटके.

भिमाजी टूल रूमचे, म्हणजे साचे बनवण्या-दुरुस्तीच्या विभागाचे प्रमुख. वय चोपन्न. महाळुंग्याकडचं जुनं शेतकरी घर, जमीन एमआयडीसीत गेलेली, आयटीआय करून डाय मेकर झालेले. पुण्यामुंबईहून आलेल्या इंजिनिअरांना जो साचा जुळत नाही, तो भिमाजींच्या हाताखालून गेला की जुळतो, अशी ख्याती. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

ट्रेनिंग रूममध्ये त्यांनी चष्मा चढवला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. स्वतःचे गुण ४.६. इतरांचे सरासरी ३.३.

"हे कुणी दिलं ताई?"

"अण्णा, नावं मलाही माहीत नाहीत."

"न्हाई, पण अंदाज असंल की. आमी पाचात साडेचार म्हणतोय आणि हे लोक सव्वातीन. म्हंजे आमी खोटं बोलतोय?"

"तसं नाही. सरासरी तात्पुरती बाजूला ठेवा. गट वेगळे करून बघू." रुपालीनं पान उलटलं. "तुमच्या टूल रूममधले सहा जण. त्यांनी दिलेत ४.२. बरोबरीचे पाच विभागप्रमुख, त्यांनी २.२. साहेबांचे तीन. आता सांगा, सव्वातीनचा माणूस यात आहे कुठे? तुमच्या लोकांना तुम्ही उत्तम वाटता, बाहेरच्यांना त्रासदायक. दोन्ही एकत्र ढवळलं की मधला आकडा येतो, आणि तो कुणाचंच म्हणणं नसतो."

भिमाजी थोडे सैल झाले. रुपालीनं नववं विधान दाखवलं. 'इतर विभागांना वेळेत सहकार्य करतो.' भिमाजींचे स्वतःचे पाच, टूल रूमचे साडेचार, बरोबरीच्यांचे १.८.

"प्रॉडक्शनवाल्यांना डाय सकाळी पायजे असते," ते म्हणाले. "आमी ट्रायल घेतल्याबिगर सोडत न्हाई. मागं एकदा त्यांच्या घाईनं सोडली, डायमधला पंच तुटला, दोन दिवस लाइन बंद. तवापासून मी ठरवलंय."

"म्हणूनच या १.८ चा अर्थ तुम्ही सहकार्य करत नाही असा लगेच काढायचा नाही. तुमचं कामच त्यांना अडवण्याचं आहे. फक्त ट्रायलला इतका वेळ का लागतो, हे त्यांना आधी सांगता का, एवढंच विचारून बघायचं."

"म्हंजे माझं बरोबरच हाय."

हे वाक्य येणार हे रुपालीला ठाऊक होतं. खरं काम इथून पुढे होतं. तिनं सतरावं विधान काढलं. 'समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो.' भिमाजींचे स्वतःचे पाच. साहेबांचे दोन. बरोबरीच्यांचे २.२. आणि टूल रूमचे, ज्यांनी बाकी सगळीकडे चार-पाच दिले होते त्यांचे, बरोबर दोन.

"अण्णा, इथे मात्र गट फुटत नाहीत. वरचे, बाजूचे, खालचे, तिन्हीकडून एकच उत्तर आलंय. एकमेकांशी न बोलता तीन वेगवेगळ्या जागी उभे असलेले लोक जेव्हा…"

"ऐकतोच की मी. आता तुमचंच ऐकत बसलोय का न्हाई?"

"हो, पण आत्ता माझं वाक्य…"

"टूल रूममधी आवाज असतो ताई. मोठ्यानं बोलावं लागतं. त्याला लोक न ऐकणं म्हणत असतील."

रुपालीनं पाणी प्यायलं. मग शेवटचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. तिथे नावांविना लेखी शेरे होते. एकात लिहिलं होतं, 'कानस हातात धरायची कशी हे अण्णांनी शिकवलं, उपकार विसरणार नाही.' त्याच्याखाली दुसरा: 'वाक्य पुरं होऊ देत नाहीत. म्हणून चूक झाली तरी सांगायला भीती वाटते.'

भिमाजींनी तो शेरा दोनदा वाचला. चष्मा काढला, घडी घातली, कागद उचलले आणि निघून गेले.

त्यांना वाईट वाटलं असेल, विचार करतील, असं रुपालीला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता टूल रूमचा गणराज तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. लातूरकडचा, तिशीचा, हाताला कायम ग्रीस.

"मॅडम, अण्णांनी आम्हा सहा जणांना ओळीत उभं केलं. म्हणाले, भीती कुणाला वाटती ते पुढं या."

"मग?"

"कोण येणार पुढं? भावकीत बसल्यासारखं सगळे खाली बघत होते. तुम्ही म्हणाला होता नाव कळणार नाही. पुढच्या वर्षी आमचं ठरलंय. सगळीकडं चार-चार मारायचे आणि मोकळं व्हायचं."

रुपाली तशीच टूल रूममध्ये गेली. भिमाजी सरफेस ग्राइंडरजवळ होते. तिनं त्यांना बाजूला घेतलं आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. "अण्णा, एका ओळीतच सगळं होतं हो. सांगायला भीती वाटते असं ज्यानं लिहिलं, त्याला तुम्ही ओळीत उभं करून विचारता, भीती वाटते का? तुम्हीच त्याचं म्हणणं खरं करून दाखवलंत."

"मला फकस्त समजून घ्यायचं व्हतं."

"मग असं म्हणा, की मला कळवलंत ते बरं केलंत, आता मी वाक्य तोडलं तर तिथंच सांगा. कोण ते शोधू नका."

भिमाजींनी मान हलवली. पटलं म्हणून की तिनं जावं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या दोन आठवड्यांत तिनं बाकीच्यांना रिपोर्ट समजावले. कुणी रुसलं, कुणी हसण्यावारी नेलं, एकानं एजन्सीचं गणितच चुकलंय असं सांगून अर्धा तास खाल्ला. क्वालिटीच्या विजयश्री मॅडमनी मात्र वही काढून लिहून घेतलं. रोज सायंकाळी कंपनीची बस महाळुंग्याच्या चौकात अडकायची तेव्हा रुपाली खिडकीला डोकं टेकून विचार करायची, की आपण लोकांना आरसा देतोय, पण तो कसा धरायचा हे सांगताना आपलाच हात दुखून येतोय.

तिचा स्वतःचा रिपोर्टही त्यातच होता. तो तिला समजावून सांगायला एजन्सीची एक मुलगी फोनवर आली. अर्धा तासही नाही. "मॅम, तुमचे स्वतःचे २.९ आणि बाकीच्यांचे ४.१. म्हणजे तुमच्यात लपलेल्या ताकदी आहेत. सेलिब्रेट करा." रुपालीनं विचारलं, "पण मी कमी का दिले असतील?" पलीकडून उत्तर आलं, "मॅम, सेल्फ कॉन्फिडन्स."

त्या रविवारी थेरगावच्या घरी भाजी निवडून झाल्यावर तिनं तो रिपोर्ट ताटाएवढ्या जागेत पसरला. बारावीतली दिव्या शेजारी येऊन बसली.

"आई, 'निर्णय वेळेत घेतो', यात तू स्वतःला दोन दिलेस? आणि लोकांनी साडेचार?"

रुपालीला आठवायला वेळ लागला नाही. कंत्राटी कामगारांच्या विश्रांतीच्या शेडची फाइल फॉर्म भरला त्या दिवशी निमकर साहेबांच्या टेबलावर एकेचाळीस दिवस पडून होती. तिनं ती चीड स्वतःच्या गुणांत ओतली होती. लोकांना मात्र एवढंच दिसायचं, की मॅडमला मेसेज टाकला की त्याच दिवशी उत्तर येतं. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टींना गुण दिले होते, विधान तेवढं एकच होतं. अशी सात-आठ विधानं निघाली. काहींत तिनं स्वतःला गेलेल्या हेडशी तोलून कमी दिले होते. एक-दोन ठिकाणी मात्र काहीही कारण नव्हतं. भूमच्या शाळेत गुरुजींनी 'किती पडतील' विचारलं की पाच मार्क कमीच सांगायचे, म्हणजे कुणी हसत नाही, ही ती सवय.

"मग याचा अर्थ काय, तुला आत्मविश्वास नाही?" दिव्यानं विचारलं.

"थोडा तो असेल. पण सगळा तो नाही."

मग तिची नजर बाविसाव्या विधानावर गेली, आणि भाजीची परात तिनं बाजूला सारली. 'न पटणारी गोष्ट वरिष्ठांसमोर स्पष्टपणे मांडतो.' इथे तिनं स्वतःला चार दिले होते. साहेबांनीही चारच. बरोबरीच्या सहा जणांनी दिले होते दोन. तिच्या हाताखालच्या चौघांनी सव्वादोन. खाली एक शेरा होता. 'मॅडम केबिनमध्ये आमची बाजू मांडतात असं म्हणतात. मीटिंगमध्ये तर आम्ही कधी ऐकलं नाही.'

ती चिडली. केबिनमध्ये जाऊन आपण काय काय बोललो, किती वेळा पडतं घेऊन परत गेलो, यांना काय माहीत? साहेबांना माहीत आहे, म्हणून त्यांनी चार दिले. लोकांना दिसलंच नाही, तर ते गुण देणार कशाचे? फॉर्ममध्ये 'पाहण्यात आलं नाही' अशी चौकट होती, ती तरी भरायची. हे सगळं तिनं मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. पण अठ्ठावीसपैकी हे एकच असं होतं जिथे तिचे गुण जास्त आणि दोन्ही गटांचे कमी. वेगवेगळ्या जागचे लोक एकच म्हणत असतील तर ते ऐकायचं, असं भिमाजींना तिनं सांगितलं होतं, ते तिला आठवायचं नव्हतं, तरी आठवलं. दार लावून मांडलेलं म्हणणं, दाराबाहेरच्या माणसाच्या लेखी न मांडलेलंच. आणि केबिनमधल्या त्या बोलण्याचा उपयोग तरी काय झाला होता? शेडची फाइल अजून तिथेच होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी मासिक आढावा बैठक होती. चौदाही विभागप्रमुख लांब टेबलाभोवती बसले होते. रिजेक्शनचे आकडे झाले, डिस्पॅच झालं, आणि मग निमकर साहेबांनी पडद्यावर एक तक्ता लावला. वर शीर्षक होतं, 'सेल्फ अवेअरनेस'. खाली चौदा नावं, ज्यांनी स्वतःला लोकांपेक्षा सगळ्यात जास्त गुण दिले ते वर, सगळ्यात कमी दिले ते तळाशी. पहिलं नाव भिमाजी मुटके, लाल पट्टी, अधिक १.३. शेवटचं नाव रुपाली देवकाते, पिवळी पट्टी, उणे १.२. मधले, ज्यांचे स्वतःचे आणि लोकांचे गुण जुळत होते, ते हिरवे. त्यातल्या एकाला स्वतःकडूनही २.४ होते आणि लोकांकडूनही २.४, पण पट्टी हिरवीगार होती.

वैयक्तिक रिपोर्ट यांच्याकडे आलेच कसे? उत्तरही रुपालीलाच सुचलं. एजन्सीला पैसे कंपनी देते. साहेबांनी फोन केला असेल, समोरच्यानं फाइल पाठवली असेल.

"हे बघा," निमकर साहेब लेझरचा ठिपका फिरवत म्हणाले, "वरच्यांना वाटतं आपण फार भारी, तळाच्यांना स्वतःवरच भरवसा नाही. नव्या टूल शॉपच्या प्रमुखपदासाठी आणि एचआर हेडसाठी नावं पाठवायची आहेत. मला आता डेटा मिळाला."

भिमाजी टेबलाकडे बघत होते. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली रुपालीला दिसली. त्यांच्या रिपोर्टमध्ये काय आहे, गट कसे फुटलेत, ते सगळं तिला तोंडपाठ होतं, पण ते सांगायचा अधिकार तिला नव्हता. ते त्यांचं होतं. तिच्याकडे सांगण्यासारखा एकच रिपोर्ट होता.

ती उभी राहिली. खुर्ची मागच्या भिंतीला आपटली.

"साहेब, ही स्लाइड बंद करावी अशी विनंती आहे. जूनच्या पत्रात आपण लिहून दिलं होतं, की हे प्रमोशनसाठी वापरणार नाही आणि रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळेल."

"मॅडम, ते आपण नंतर केबिनमध्ये बोलू."

"नाही साहेब. इथेच बोलते." ती पडद्याकडे वळली. "तळाचं नाव माझं आहे. माझा रिपोर्ट मी सगळ्यांना सांगू शकते, कुणाची हरकत नको. 'निर्णय वेळेत घेतो', यात माझे दोन, लोकांचे साडेचार. मला स्वतःवर भरवसा नाही म्हणून दोन नाहीत. शेडची फाइल तेव्हा एकेचाळीस दिवस सहीसाठी पडली होती म्हणून दोन. लोकांना फाइल दिसत नाही, त्यांना माझं उत्तर दिसतं, म्हणून साडेचार. दोन्ही खरं आहे. या एका पिवळ्या पट्टीत तुम्हाला ते कुठे दिसतंय?"

विजयश्री मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आणि बाविसावं विधान. वरिष्ठांसमोर स्पष्ट बोलते, यात माझे चार, तुमचेही चार. या टेबलावरच्या माणसांचे दोन. कारण मी जे बोलते ते दार लावून बोलते. या एका ठिकाणी लोकांचं बरोबर आहे, माझं चुकलं. अठ्ठावीस विधानं वाचली तेव्हा हे सापडलं. बेरीज करून वजाबाकी केली असती तर माझ्यात दोष सापडला असता तो भलताच, आणि खरा होता तो झाकला गेला असता. इतरांचंही तसंच असणार. जास्त तफावत म्हणजे गर्व आणि शून्य तफावत म्हणजे शहाणपण, असं नाही हो. ज्याला स्वतःलाही अडीच वाटतात आणि लोकांनाही, त्याला हिरवा रंग देऊन आपण काय सांगतोय?"

तो २.४ चा हिरवा साहेब खोकला. निमकर साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"मग एवढा खर्च करून हे आकडे मागवले कशाला, मॅडम?"

"माणसाशी बोलायला साहेब. रांग लावायला नव्हे."

"ठीक आहे." त्यांनी बटण दाबलं, तक्ता गेला. "पुढचा मुद्दा. दिवाळीचा ओव्हरटाइम."

बस्स, एवढंच. बैठक संपल्यावर चौघेजण तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात "बरं केलंत" म्हणाले. रुपालीला त्याचाच जास्त राग आला. हे दोन शब्द टेबलाशी बसून म्हटले असते तर तोंड झिजलं नसतं.

ऑक्टोबरमध्ये एचआर हेड बाहेरून आले, गुडगावच्याच ऑफिसातले, वयानं तिच्याहून सहा वर्षांनी लहान. रुपालीला जे पत्र मिळालं त्यात तिच्या सेवेचं कौतुक होतं आणि शेवटी लिहिलं होतं, 'नेतृत्वासाठी आवश्यक आत्मविश्वास वाढवण्यास वाव आहे.' तिनं ते पत्र दोनदा वाचलं. भर बैठकीत प्लँट हेडसमोर उभ्या राहिलेल्या बाईला आत्मविश्वास नाही, हे ज्यानं लिहिलं त्यानं तिचा २.९ चा आकडा पाहिला होता, तिला नव्हे. भिमाजींना नव्या टूल शॉपसाठी 'सध्या प्रतीक्षेत' ठेवलं. तो तक्ता पुन्हा कुणी दाखवला नाही, आणि मागेही घेतला नाही. तो कुठेतरी कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये होता आणि आपलं काम करत होता.

ती नव्या हेडकडे गेली. यावेळी दार उघडं ठेवून, बाहेर टाइम ऑफिसची मुलं ऐकतायत हे माहीत असूनही, तिनं सांगितलं की एजन्सीच्या करारात एक कलम घालायचं आहे. वैयक्तिक रिपोर्ट त्या माणसाशिवाय आणि समजावून सांगणाऱ्याशिवाय कुणालाही, अगदी प्लँट हेडलाही, द्यायचे नाहीत. ते नसेल तर पुढच्या वर्षी लोकांकडे फॉर्म मागायला ती जाणार नाही, कारण तिच्या शब्दाला आता किंमत उरलेली नाही. नव्या हेडनं सगळं शांतपणे ऐकलं, "व्हॅलिड पॉइंट" म्हणाले आणि मसुदा ठेवून घेतला. गुडगावला विचारावं लागेल, असंही सांगितलं. दिवाळी झाली, नोव्हेंबर सरत आला, उत्तर नव्हतं. ती दर सोमवारी स्मरणपत्र पाठवत होती, आणि आता त्याची प्रत निमकर साहेबांनाही लावत होती.

नोव्हेंबरच्या शेवटी सेफ्टी शूजच्या याद्या तपासायला ती टूल रूममध्ये गेली. गणराज एका डायवर वाकून भिमाजींना काहीतरी दाखवत होता. "अण्णा, हा गाइड पिन मी काल बसवला, पण मला वाटतं तो…" इतकं म्हणून तो सवयीनं थांबला. तोडलं जाणार म्हणून त्यानं वाक्य अर्धंच तयार ठेवलं होतं. भिमाजींचे ओठ उघडले. मग त्यांनी ते मिटले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि गणराजकडे बघत उभे राहिले. गणराजला पुढचं सुचेना.

"बोल की," भिमाजी शेवटी म्हणाले. "पुरं कर."

"मी चुकीचा बसवलाय अण्णा. ट्रायलच्या आधी काढावा लागेल."

भिमाजींच्या कपाळावर आठ्या चढल्या. काहीतरी जहाल तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं, हे लांबूनही दिसत होतं. "काढ," ते म्हणाले, आणि त्यांना रुपाली दिसली. तिच्याकडे येत ते वैतागून म्हणाले, "लई त्रास हाय ताई ह्यात. तोंड दाबून उभं ऱ्हायचं म्हंजे."

"हो अण्णा."

"आणि उपयोग? टूल शॉप तर दिलं न्हाई."

रुपालीनं यादी पुढे केली आणि बुटांचे नंबर विचारायला सुरुवात केली.